ठरल्या तारखेचं पेमेंट

बँकेच्या ॲपमध्ये पुढच्या तारखेचं पेमेंट लावलं, की त्या क्षणी खात्यातून एक पैसाही हलत नाही. पैसे बाजूला काढून ठेवले जातात, असं अनेक खातेदारांना वाटतं. प्रत्यक्षात बँकेच्या सर्व्हरवर डेटाबेसच्या तक्त्यात फक्त एक ओळ वाढते. मी चिखलीत बसून सहकारी बँकांच्या ॲपचं पडद्यामागचं काम करतो, आणि त्यातला बराच वेळ या ओळींची काळजी घेण्यात जातो. व्यापाऱ्यांमध्ये पुढच्या तारखेचा चेक देण्याची रीत जुनी आहे. फरक एवढाच, की तो चेक घेणाऱ्याच्या हातात असतो आणि ही ओळ बँकेकडेच राहते. म्हणून तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारीही बँकेचीच.

एक उदाहरण घेऊ. मेहकरच्या एका खातेदाराची मुलगी पुण्यात शिकते. तिच्या मेसचे साडेचार हजार रुपये दर महिन्याच्या ३१ तारखेला जावेत, अशी सूचना त्यांनी १२ जानेवारी २०२६ ला ॲपमध्ये लावली आणि पिन टाकून मंजूर केली. आता त्या ओळीत काय असतं? कोणत्या खात्यातून, कोणत्या लाभार्थ्याला, किती रक्कम, कोणती तारीख आणि सध्याची अवस्था. रक्कम आम्ही रुपयांत न ठेवता पैशांत ठेवतो, म्हणजे ४,५०,००० असा पूर्णांक. दशांशाच्या गणितात संगणक कधी कधी बारीकशी चूक करतो, आणि ती हिशेबात परवडत नाही. अवस्थेच्या रकान्यात `SCHEDULED` लिहिलेलं असतं. ३१ तारीख उजाडेपर्यंत ही ओळ काहीही करत नाही.

तारखेचा रकाना दिसतो तेवढा साधा नाही. फेब्रुवारीला ३१ तारीखच नाही, तेव्हा हप्ता २८ ला जातो. पण पुढची तारीख काढताना आधीच्या तारखेत एक महिना मिळवत गेलं, तर मार्चमध्येही २८ च येते, आणि त्यानंतर कायम २८ च. म्हणून खातेदाराने निवडलेला ‘३१’ हा आकडा वेगळा जपायचा आणि दर महिन्याची तारीख त्यावरूनच काढायची. २८ फेब्रुवारी २०२६ हा चौथा शनिवार आहे, शाखा बंद. पूर्वी असं पेमेंट पुढच्या कामाच्या दिवसावर ढकलावं लागे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी वर्षभर चोवीस तास चालू असल्यामुळे आता त्याची गरज उरलेली नाही.

ठरलेल्या दिवशी या ओळीला जागं करतो तो रात्री आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रॅम. तो तक्त्याला एकच प्रश्न विचारतो:

```sql
SELECT id FROM scheduled_payment
WHERE status = 'SCHEDULED'
  AND due_date <= '2026-01-31'
FOR UPDATE SKIP LOCKED;
```

यात `=` नसून `<=` आहे, ते मुद्दाम. सर्व्हर एखादी रात्र बंद राहिला, तर आदल्या दिवशीची राहिलेली पेमेंटं दुसऱ्या रात्री सापडली पाहिजेत. नुसतं `=` लिहिलं तर ती ओळ कायमची मागे पडते, आणि कुठे त्रुटीही नोंदली जात नाही. प्रश्नातली शेवटची ओळ दोन सर्व्हरसाठी आहे. एक बंद पडला तर अडू नये म्हणून हा प्रोग्रॅम दोन ठिकाणी चालतो. एकाने उचललेली ओळ कुलूपबंद होते आणि दुसरा ती सोडून पुढे जातो. कुलूप असतानाच अवस्था बदलून ‘उचललं’ अशी करायची, म्हणजे कुलूप निघाल्यावरही ती ओळ दुसऱ्याच्या हाती लागत नाही.

इथे घड्याळाचा एक सापळा आहे. बरेच सर्व्हर भारतीय वेळेवर नसून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतात. मेहकरात ३१ जानेवारीच्या रात्रीचे साडेबारा वाजतात, तेव्हा सर्व्हरच्या हिशेबी ३० तारखेच्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. प्रोग्रॅमने ‘आजची तारीख’ सर्व्हरला विचारली, तर उत्तर ३० येतं आणि मेसचे पैसे एक दिवस उशिरा जातात. ही चूक फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत दिसते, त्यामुळे दिवसा केलेल्या चाचणीत ती सापडत नाही. ओळखायची खूण म्हणजे एकही पेमेंट फसलेलं नसतं, पण सगळी बरोबर एक दिवस मागे असतात. उपाय म्हणजे ‘आज’ कोणत्या वेळेप्रमाणे, हे प्रोग्रॅममध्ये `Asia/Kolkata` असं स्पष्ट लिहायचं.

ओळ उचलली की तपासण्या होतात. खातं चालू आहे ना, लाभार्थी अजून यादीत आहे ना, शिल्लक पुरेशी आहे ना. शिल्लक १२ जानेवारीला किती होती याला अर्थ नाही, या क्षणी किती आहे तेच बघितलं जातं. ती कमी असली, तर पेमेंट फसतं आणि कारणासह संदेश जातो.

खरी कसोटी यापुढे आहे. आमची सूचना आधी बँकेच्या कोअर बँकिंगकडे जाते. खात्यातून रक्कम वजा होते. लहान सहकारी बँक असेल, तर पुढचा प्रवास एका मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत एनईएफटीपर्यंत होतो. तिथे दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाच्या ४८ बॅचमध्ये हिशेब मिटतो. या साखळीत कुठेही उत्तर अडू शकतं. आम्ही सूचना पाठवली आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर दोन शक्यता असतात. सूचना पोहोचलीच नसेल, किंवा पैसे गेले असतील आणि फक्त उत्तर हरवलं असेल. आमच्या बाजूने दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. ‘फसलं’ समजून पुन्हा पाठवलं, तर मेसला नऊ हजार जाऊ शकतात. ‘झालं’ समजून गप्प बसलं, तर मुलीचं जेवण अडू शकतं.

म्हणून पाठवण्यापूर्वीच प्रत्येक हप्त्याला एक संदर्भ क्रमांक देऊन तो जतन करायचा. उदाहरणार्थ `SP48213-20260131`, म्हणजे सूचनेचा क्रमांक आणि तारीख. सूचना कितीही वेळा पाठवली, तरी क्रमांक तोच. कोअर बँकिंग असा क्रमांक तपासत असेल, तर दुसरी सूचना परतवून लावते. काही प्रणाली तो तपासत नाहीत. तिथे आंधळेपणाने पुन्हा पाठवायचं नाही. अवस्था ‘प्रलंबित’ ठेवायची, त्या क्रमांकाचं काय झालं हे विचारत राहायचं, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर सकाळी माणसाने खात्याची नोंद ताडून बघायची. माझ्या मते या कामातलं सगळं कौशल्य या तिसऱ्या अवस्थेत आहे. ‘झालं’ आणि ‘फसलं’ लिहिणं सोपं आहे. ‘अजून कळलेलं नाही’ हे खरं उत्तर पडद्यावर दाखवायला धीर लागतो, कारण खातेदाराला ते आवडत नाही. पण तेच त्याच्या पैशाचं रक्षण करतं.

वाचकांना तीन गोष्टी सांगतो. पुढच्या तारखेचं पेमेंट लावलं म्हणजे पैसे राखून ठेवले, असं समजू नका. आदल्या संध्याकाळीच तेवढी शिल्लक खात्यात असू द्या. पेमेंट ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर घाईने हाताने दुसऱ्यांदा पाठवू नका, कारण तुम्ही पाठवलेल्या पेमेंटचा क्रमांक वेगळा असतो आणि ते दुबार आहे हे यंत्रणेला सहसा ओळखता येत नाही. आणि शाखेत चौकशीला जाताना रकमेबरोबर तो संदर्भ क्रमांक, मिळाला असेल तर एनईएफटीचा यूटीआर क्रमांकही, लिहून न्या. पैसे नेमके कुठे आहेत, हे त्यावरूनच शोधता येतं.