‘म्हणाला’ कधी बदलावे?

काही वर्षांपूर्वी वाशीच्या संपर्कवर्गात एका विद्यार्थिनीने मला स्वतःची कथा वाचावयास दिली. प्रसंग बसस्थानकावरचा होता. एसटीचा वाहक, एक म्हातारी आणि तिचे गठुडे. दोन पानांत ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ इतक्या वेळा आले होते, की मी तांबड्या शाईने ती सारी क्रियापदे बदलून टाकली: ‘गरजला’, ‘उद्गारली’, ‘उत्तरला’, ‘वदली’. पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “सर, ही माझी आजी राहिली नाही. नाटकातली झाली.”

तिचे खरे होते. मी शब्द बदलले होते. त्यांच्यासोबत येणारी विभक्ती पाहिली नव्हती. आपण एखाद्याला म्हणतो, एखाद्यावर खेकसतो, एखाद्याच्या कानात कुजबुजतो; पुटपुटतो मात्र स्वतःशीच. म्हणजे क्रियापद बदलले, की आवाजाबरोबर त्या दोन माणसांमधले नातेही बदलते. तिच्या कथेतला हा तुकडा पाहा:

वाहक म्हणाला, “ए म्हातारे, गठुडं उचल तिथनं.”
“त्यात अंडी हायत, बाबा,” म्हातारी म्हणाली.
“मग मांडीवर घ्या, आजी,” तो म्हणाला.

पहिल्या ओळीत ‘वाहक खेकसला’ असे करावे. ते संवादाच्या आधी आहे, म्हणून वाचक ती ओळ चढ्या आवाजातच वाचेल. तेच शेवटी टाकले, तर वाचकाने ओळ साध्या स्वरात वाचून संपवलेली असते. त्याला मागे वळून स्वर दुरुस्त करावा लागतो आणि प्रसंगाची गती अडखळते. दुसऱ्या ओळीत ‘पुटपुटली’ घालण्याचा मोह होतो. पण ‘बाबा’ ही हाक समोरच्याला आहे. पुटपुटायचेच असेल, तर ‘बाबा’ काढावे लागेल आणि मग वाहकाचे मन वळण्यास कारणच उरणार नाही. तेथे ‘म्हणाली’ राहू द्यावे. तिसऱ्या ओळीतही. ‘खेकसला’नंतर आलेला साधा ‘म्हणाला’च आवाज खाली आल्याचे सांगतो; ‘नरमाईने उद्गारला’ कशाला? (‘वदली’ हे कीर्तनात शोभते. बसस्थानकावर कोणी वदत नाही.)

आणखी एक चूक वह्यांमध्ये वारंवार दिसते: “बरं,” तो हसला. हसणे म्हणजे बोलणे नव्हे. शंका आल्यास क्रियापदामागे ‘असे’ लावून पाहा. ‘असे तो पुटपुटला’ यात ‘असे’ म्हणजे ते शब्द. ‘असे तो हसला’ यात हसण्याची तऱ्हा. तेथे ‘हसून म्हणाला’ लिहावे, किंवा पूर्णविराम देऊन ‘तो हसला’ हे वेगळे वाक्य करावे.

त्या विद्यार्थिनीने अखेर माझ्या दुरुस्त्यांपैकी एकही ठेवली नाही. फक्त पहिल्या ओळीत ‘खेकसला’ आले, तेही तिने स्वतः शोधलेले.