पाच मिनिटांचा टायमर

पुण्यातल्या एका चारमजली ऑफिसच्या चिलर प्लँटवर मी रात्रपाळीला होतो. साठ-साठ टनांचे दोन वॉटर-कूल्ड चिलर, प्रत्येकात तीस टनांचे दोन स्क्रोल कॉम्प्रेसर, आणि गच्चीवर दोन पंख्यांचा कूलिंग टॉवर. वर्षभरात पहिल्या चिलरचा दोन नंबरचा कॉम्प्रेसर दोनदा जळला. दुसऱ्यांदा उतरवला तेव्हा तेल काळं पडलं होतं आणि मेगरचा काटा शून्यावर होता. सगळ्यांनी व्होल्टेजला दोष दिला. आमचे फोरमन अण्णा मात्र म्हणाले, "व्होल्टेज दोन्ही कॉम्प्रेसरना सारखंच मिळतं रे. मग दोन नंबरच का जळतो? आज रात्री घड्याळ घेऊन त्याच्याजवळ बस."

बसलो. नऊ ते दहा या तासात तो तेरा वेळा सुरू झाला. दीड मिनिट चालायचा, तीन मिनिटं बंद. तेलाच्या काचेत पातळी निम्म्याच्याही खाली होती, आणि तेल थरथरत होतं. एक नंबर मात्र एकदाही थांबला नाही.

वहीत हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. रात्री सर्व्हर रूम आणि थोडे मजले धरून भार चाळीस टनांचा. एका कॉम्प्रेसरला दहा टन कमी पडत, दोन चालले की वीस टन जादा होत. दुसरा कॉम्प्रेसर परतीचं पाणी साडेबारा अंशांना आलं की सुरू आणि साडेअकराला बंद, असं लावलेलं. पाइपांत एकूण पाणी होतं जेमतेम दीड हजार लिटर. एवढ्याशा पाण्याला वीस टन जादा थंडावा मिळाला, तर एक अंश उतरायला दीड मिनिट पुरतं.

दर स्टार्टला मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. ते निवायला वेळ लागतो. शिवाय सुरू होताना गॅसबरोबर थोडं तेल पाइपांत निघून जातं, ते फिरून परत यायला काही मिनिटं लागतात. दीड मिनिटात बंद झालेल्या कॉम्प्रेसरचं तेल बाहेरच राहतं, आणि पुढच्या स्टार्टला आणखी जातं.

अण्णांनी कंट्रोलरमध्ये दोन टायमर लावले: सुरू झाला की किमान पाच मिनिटं चालायचं, बंद झाला की किमान पाच मिनिटं थांबायचं. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्याच रात्री चिलर ट्रिप झाला. कारण पडद्यावर दिसत होतं: पुरवठ्याचं पाणी चार अंशांखाली. पुन्हा वही काढली. त्या रात्री भार पस्तीस टनांवर आला होता. सक्तीच्या पाच मिनिटांत परतीचं पाणी साडेबारावरून सव्वाआठवर आलं असतं, आणि दोन्ही कॉम्प्रेसर मिळून त्यातून पाच अंश काढत होते. म्हणजे सव्वातीन. तिथपर्यंत जायच्या आधीच संरक्षणाने तोडलं, आणि ते बरोबरच होतं. गोठण्याचं, प्रवाहाचं, कमी दाबाचं संरक्षण किमान वेळेच्या टायमरच्या वरचढ असलं पाहिजे. नाहीतर कॉम्प्रेसर वाचवताना इव्हॅपोरेटर फुटतो.

अण्णा म्हणाले, "टायमर चुकीचा नाही, पाणी कमी आहे." तीन हजार लिटरची इन्सुलेटेड टाकी परतीच्या लाइनमध्ये बसवली. पाणी तिप्पट झालं, सगळं तिप्पट सावकाश झालं. चाळीस टनांच्या भाराला आता कॉम्प्रेसर साडेचार मिनिटांनी आपणहून थांबण्याच्या बेतात असतो, टायमर त्याला आणखी अर्धंच मिनिट धरून ठेवतो. तासाला स्टार्ट चारच. शिवाय दोन्ही कॉम्प्रेसर आळीपाळीने पुढे राहतील असं लावलं, म्हणजे सगळे स्टार्ट एकाच्याच वाट्याला येत नाहीत.

टॉवरच्या पंख्याचंही दुखणं तसलंच निघालं. कंडेन्सरचं पाणी एकोणतीसला पंखा सुरू, अठ्ठावीसला बंद. डिसेंबरच्या रात्री पंखा फिरला की पाणी झपाट्याने उतरायचं, कंडेन्सरचा दाब पडायचा आणि त्याच्याबरोबर इव्हॅपोरेटरचा दाबही हेलकावे खायचा. बंदचा आकडा पंचवीसवर नेला, तीन मिनिटांची किमान वेळ लावली आणि दुसरा पंखा एकतीसशिवाय सुरूच होऊ दिला नाही. गेजचा काटा स्थिर झाला.

तेव्हापासून कुठल्याही प्लँटवर गेलो की मी आधी तापमान बघत नाही. कंट्रोलरमधला स्टार्ट-काउंटर बघतो, एक तास थांबतो आणि पुन्हा बघतो. तुमच्या प्लँटवर या दोन आकड्यांत सहा-सातपेक्षा जास्त फरक दिसला, तर नवा कॉम्प्रेसर मागवण्याआधी पाइपांत पाणी किती आहे ते मोजा.