‘विचारायचं होतं’ म्हणजे आत्ताच विचारायचंय

आमच्या मुळशीत शेजारच्या दारात गेलं की कुणी एकदम मागणी करत नाही. “दादा, जरा काम होतं,” “काकी, विळा पाहिजे होता,” अशी सुरुवात होते. काम आजचंच असतं, विळाही आत्ताच हवा असतो. तरी ऐकणारा “कधी पाहिजे होता?” असं विचारत नाही; “घेऊन जा की,” म्हणतो. घरात आम्ही दखनी बोलतो, तिथंही “खाला, जरा पूछना था” असंच म्हणतात.

माझी भाची नववीत आहे. इंग्रजीच्या वहीत तिनं मुख्याध्यापकांना रजेचं पत्र लिहिलं होतं. ‘आय वॉन्टेड टू आस्क’ या शब्दांतला ‘वॉन्टेड’ लाल शाईनं खोडून ‘वॉन्ट’ केला होता. शेजारी शेरा होता : इच्छा आजची, मग भूतकाळ का? पोरगी हुशार, तिनं तो नियम मराठीलाही लावला. शेजारणीकडे जाऊन म्हणाली, “मला तुमची शिलाई मशीन पाहिजे.” शेजारणीनं मशीन दिली, पण भाभीला म्हणाली, “शिकली खरी, पण बोलणं तुटक झालं हो.” ते ऐकल्यापासून भाचीनं कुणाकडे काही मागणंच सोडलं. शेवटी माझ्याकडे आली : “फुफी, मग बरोबर काय?”

मी तिला म्हटलं, इथला ‘होतं’ काळ सांगत नाही, अंतर सांगतो. “मला मशीन पाहिजे” म्हटलं की इच्छा समोरच्याच्या पुढ्यात येऊन उभी राहते; नाही म्हणायचं तर तिला तोंडावर परतवावं लागतं. “पाहिजे होती” म्हटलं की तीच इच्छा एक पाऊल मागं सरकते. शेजारीण सहज म्हणू शकते, “आज मलाच लागतेय गं, उद्या ने.” कुणाचाच मान जात नाही. इंग्रजीतही हेच आहे. ‘आय वॉन्टेड टू आस्क’ शुद्ध आहे आणि ‘आय वॉज वंडरिंग’ त्याहून मऊ आहे, कारण त्यात ‘मी नुसता विचार करत होते, अजून काही ठरवलेलं नाही’ अशी सूट असते. दोन्ही दुरुस्त करायची गरज नाही.

मग ओळखायचं कसं? वाक्यात ‘आत्ता’ घालून पाहायचं. “मला आत्ता जरा विचारायचं होतं” हे वाक्य उभं राहतं. म्हणजे तो अदबीचा भूतकाळ. “मला विचारायचं होतं, पण राहून गेलं” यात ‘आत्ता’ बसत नाही. तो खरा भूतकाळ. ही अदब हवं असणं, विचारणं, म्हणणं, काम असणं अशाच शब्दांना चालते. “मी अर्ज दिला होता” यात अदब नाही, ती घडलेली गोष्ट आहे.

एक ठिकाण मात्र निसरडं आहे. “तुमची मशीन पाहिजे होती” ही विनंती, पण “तुम्ही मशीन द्यायला पाहिजे होती” ही तक्रार. ‘पाहिजे होतं’च्या आधी ‘द्यायला’, ‘यायला’, ‘सांगायला’ असं रूप आलं की ऐकणाऱ्याला बोल लागतो. तिथं जपून बोलावं.

आणि जिथं काळावरच सारं अवलंबून असतं, तिथं ही अदब बाजूला ठेवावी. डॉक्टरांसमोर संकोचानं “पोटात दुखत होतं” म्हटलं तर आता थांबलंय असा अर्थ निघतो. दुखत असेल तर “दुखतंय, कालपासून” असंच सांगावं. पौडच्या तहसील कार्यालयात खिडकीवर “दाखला हवा होता” म्हटलेलं चालतं, कारण माणूस समोर उभा असतो. लेखी अर्जात मात्र “दाखला मिळावा, ही विनंती” असं लिहावं. कागदाला लहजा नसतो, आणि ‘मिळावा’मध्ये अदब आहेच.

भाचीनं विचारलं, “मग पत्रातलं वाक्य?” ते मूळचंच बरोबर होतं. पुढं ‘इफ आय कुड टेक लीव्ह’ म्हटलं तरी रजा येत्या शुक्रवारचीच राहते. ‘कुड’ही तिथं अदबीचाच. तिनं वही उघडली आणि खोडलेल्या शब्दावर पेन्सिलनं पुन्हा ‘वॉन्टेड’ लिहिलं. मग जरा थांबून म्हणाली, “फुफी, सरांना हे कसं सांगू?”

मी म्हटलं, “सांग : सर, मला एक विचारायचं होतं.”