हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग आणि समुद्राचा हिशेब

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने निघालेला माणूस अख्खा महाराष्ट्र ओलांडून मुंबईत उतरतो आणि पुढे माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वरला पोचतो. हा श्रीवर्धनचा मुलूख, १७१३ साली पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांच्या घराण्याचा. हरिहरेश्वर त्यांचे कुलदैवत. देवळामागची प्रदक्षिणेची वाट टेकडी चढून पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते. एकीकडे उभा कडा, दुसरीकडे लाटा, पायाखाली जवळजवळ सपाट काळा कातळ. भूगोलाच्या पुस्तकातला तरंगघर्षित मंच तो हाच. माझे म्हणणे असे, की समुद्राने इथे काय केले याचा पुरावा उंच कड्यापेक्षा या सपाट कातळात अधिक आहे. लाट कडा वरून खाली तासत नाही. भरती-ओहोटीच्या अरुंद पट्ट्यात ती त्याचा पायथा पोखरते, आधार गेला की वरचा भाग कोसळतो, पडलेले दगड लाटा फोडून वाहून नेतात आणि कडा एक पाऊल मागे सरतो. मागे उरतो तो हा मंच. म्हणजे आज आपण चालतो तिथे कधीकाळी कडा उभा होता.

कोणी म्हणेल, बसाल्टसारख्या कठीण खडकाला पाणी कसे कापेल? नुसते पाणी कापत नाहीच. लाव्हा थंड होताना आकसला तेव्हाच या खडकात भेगा पडल्या. लाट आदळली की भेगेतली हवा दाबली जाते, लाट मागे हटताच ती झटक्याने सुटते. असे असंख्य वेळा झाल्यावर चिरा सुटतो. सुटलेल्या गोट्यांनीच मग लाट पायथा घासते. मिठाचे काम वेगळे: तुषारांचे पाणी सुकते, छिद्रांत स्फटिक वाढतात, कण सुटतात. कड्यावरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्यातूनच झाली आहे, लाटेच्या थेट माऱ्यातून नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. समुद्र इतका खातो, तर पिढ्यान् पिढ्या प्रदक्षिणा त्याच वाटेने कशी चालते? एक तर बसाल्टचा कडा रोज झिजत नाही, अधूनमधून एखादा चिरा पडतो. माणसाच्या आयुष्यात फरक जाणवणे कठीण. दुसरे, मंच रुंदावला की तोच कड्याची ढाल होतो. उथळ कातळावर लाट आधीच फुटते आणि पायथ्याशी थकून पोचते. मंचाची सगळी रुंदी आजच्याच लाटांच्या नावावर मांडू नये, हेही खरे. समुद्राची पातळी पूर्वी वरखाली झालेली आहे.

शेजारी श्रीवर्धनला मात्र लांब पुळण. उथळ पाण्यात लाटेचा वेग मंदावतो, त्यामुळे ती भूशिराभोवती वळून त्याच्यावर जोर एकवटते. उपसागरात तीच लाट पसरते, क्षीण होते आणि वाळू टाकते. खडक तुटणे आणि वाळू साचणे हे एकाच वळणाचे परिणाम आहेत.

ही वाट चालायची तर ओहोटीची वेळ गावात विचारूनच उतरा. भरतीत मंच पाण्याखाली जातो आणि पाठीशी कडा असल्याने निसटायला जागा नसते. पावसाळ्यात तर तिकडे जाऊच नये.