शब्दजाळ्यातील क्रियापदे

पर्यावरणविषयक शब्द जमवताना मी भोरजवळचे, वेळवंडी नदीवरील भाटघर धरण समोर ठेवले. तुम्हीही कागदाच्या मध्यभागी ‘धरण’ लिहा. भोवती पाणलोट, सांडवा, विसर्ग, गाळ ही नामे सहज जमतील. बहुतेकांचे शब्दजाळे इथेच थांबते. निबंध लिहिताना मात्र सुटी नामे फारशी उपयोगी पडत नाहीत. म्हणून जोडणाऱ्या प्रत्येक रेषेवर क्रियापद लिहा. गाळ साचतो, तो उपसतात. पाणी चढते, ओसरते. विसर्ग सोडतात, वाढवतात.

आता वाक्य करा : ‘पाणलोट क्षेत्रात पाऊस वाढल्याने धरणातील विसर्ग वाढवण्यात आला.’ ‘विसर्ग’च्या जागी ‘पाणी’ घातले, तर धरणातील साठाच वाढवला असा उलटा अर्थ होतो. विसर्ग म्हणजे ठरावीक वेळात धरणाबाहेर सोडलेल्या पाण्याचे प्रमाण. ‘दुःख’मधील विसर्ग निराळा, तो आपण देतो, वाढवत नाही. दोन्ही अर्थ क्रियापदावरूनच वेगळे ओळखू येतात.

वेल्ह्याकडे वळलात, तर जाळ्यात भातशेतीचा ‘राब’ येईल. राब भाजतात. हे क्रियापद शब्दकोशापेक्षा तिथल्या शेतकऱ्याला विचारून लिहिलेले बरे. आरोग्याच्या जाळ्यातही हेच करा : ताप चढतो, उतरतो, लस टोचतात.