दोन गावांची एक लायब्ररी

ऐंशीच्या दशकातला खानदेशी मे महिना. काका जळगावला, आम्ही धुळ्याला. दुपारी पोरांना उंबऱ्याबाहेर कुणी सोडत नसे, आणि तिकडे व. वा. वाचनालयात, इकडे गरुड वाचनालयात जायचं तर मोठ्यांची सोबत लागायची. म्हणून दोन्ही घरच्या भावंडांनी आपापल्या ओसरीवर लायब्ररी काढली. अनामत पाच रुपये, वर्गणी महिना दोन रुपये, एका वेळी एकच पुस्तक.

सुरुवात घरातल्याच पुस्तकांनी झाली: गोट्या, फास्टर फेणे, श्यामची आई, ‘किशोर’चे जुने अंक. वर्गणी जमली की नेहरू बाल पुस्तकालयाची पातळ, स्वस्त पुस्तकं यायची. मोठी आई मैद्याच्या खळीत मोरचूद घालून पुठ्ठे चिकटवायची, कारण नुसत्या खळीला कसर लागते. मोरचूद विषारी, त्यामुळे त्या खळीला आम्ही हात लावायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद असे.

पहिली वही साधी होती: तारीख, नाव, पुस्तक. पण ‘फास्टर फेणे कुणाकडे आहे?’ असं कुणी विचारलं की महिनाभराची पानं उलटावी लागत. मग ताईने कॉलेजच्या ग्रंथालयातली पद्धत घरी आणली. पुस्तकाच्या शेवटी कागदाचा खिसा आणि त्यात एक कार्ड. पुस्तक गेलं की कार्डावर सभासदाचा क्रमांक आणि परतीची तारीख लिहायची, आणि कार्ड बुटांच्या खोक्यात तारखेप्रमाणे उभं करायचं. सकाळी खोकं उघडलं की मुदत उलटलेली कार्डं सगळ्यात पुढे दिसत. लगेच धाकट्याची स्वारी त्या घराकडे निघे.

त्याच कार्डांनी आम्हाला पुस्तकं निवडायलाही शिकवलं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची एक कादंबरी धुळ्यात कितीतरी दिवस पडून होती, कार्ड कोरंच. पुस्तक चांगलं होतं, पण अक्षर बारीक आणि आमचे बहुतेक सभासद तिसरी-चौथीतले. काका आले तेव्हा ती त्यांच्या पिशवीत घातली. एरंडोल-पारोळ्याची एस.टी. आमची मालवाहू गाडी! जळगावचे सभासद सातवी-आठवीतले. तिथे तेच कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं. तेव्हापासून नवं पुस्तक घेताना ताई आधी मधलं एक पान उघडून अक्षराचा आकार बघायची, मग किंमत.

या अदलाबदलीत एकदा गोंधळ झाला. दोन्हीकडे बारा क्रमांकाचं पुस्तक होतं आणि वह्यांचा मेळ बसेना. मग क्रमांकाआधी ‘ज’ किंवा ‘धु’ लिहायचं ठरलं, आणि पिशवीसोबत कार्बन घालून केलेली यादी जायला लागली. एक प्रत पाठवणाऱ्याकडे राही, एक घेणाऱ्याकडे. कायमची हरवली ती पुस्तकं बहुतेक बदली झालेल्या कुटुंबांबरोबर गेली. त्यांच्या भरपाईला अनामतीचे पाच रुपये पुरे पडत नसत.

तुमच्याही माळ्यावर अशा वह्या, अशी कार्डं असतील तर रद्दीत घालू नका. त्या वर्षांत मुलांनी काय मागून मागून वाचलं, ते त्यांच्यावर तारखेसकट लिहिलेलं आहे.