आकृती नसलेला प्रश्न

वसतिगृहाच्या रात्रीच्या अभ्यासिकेत मी अनेक वर्षे भूमिती शिकवली. त्या काळी सराव-प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल केलेल्या असत. मजकूर टंकलेखनयंत्राने स्टेन्सिलवर उमटे. आकृती मात्र टोकदार लेखणीने हाताने कोरावी लागे. ती अनेकदा पुसट येई, कधी तिची जागा कोरीच राही. आज माजी विद्यार्थी आपल्या मुलांचे प्रश्न फोनवर लिहून पाठवतात, तेव्हाही मजकूर येतो आणि आकृती मागे राहते.

अशा प्रश्नासाठी माझी एक कसोटी आहे. प्रश्नातील प्रत्येक शब्द पाळणाऱ्या दोन वेगवेगळ्या आकृत्या काढाव्यात. दोन्हींत उत्तर बदलत नसेल आणि ते का बदलत नाही हे प्रमेयाने सांगता येत असेल, तर निःशंक उत्तर द्यावे. उदाहरणार्थ, त्रिकोण ABC मध्ये AB वर D आणि AC वर E हे बिंदू आहेत; DE ∥ BC, AD = २, DB = ३, AE = ४. त्रिकोण कसाही काढा, प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयानुसार EC = ६ हेच येते.

आता दुसरा प्रश्न पाहू. O केंद्र असलेल्या वर्तुळात ∠AOB = १००° आहे आणि C हा वर्तुळावरील बिंदू आहे; तर ∠ACB किती? C विशालकंसावर असेल, तर उत्तर ५०°. लघुकंसावर असेल, तर १३०°. C नेमका कोठे आहे, हे केवळ आकृतीच सांगते. पर्यायांत ५०° असून १३०° नसेल, तर ५०° हे अनुमान योग्य; मात्र ते पर्यायांवरून काढले आहे, हेही सांगावे. दोन्ही पर्याय असतील किंवा पर्यायच नसतील, तर दोन्ही शक्यता मांडून आकृती मागवावी.

'आकृतीतील x ची किंमत काढा' एवढेच लिहिलेले असेल, तर अनुमानालाही आधार उरत नाही. तेथे 'आकृतीशिवाय उत्तर देता येत नाही' हेच पूर्ण उत्तर होय.

"सर, तुम्हालाही येत नाही?" असे दहावीच्या एका मुलीने वर्तुळाच्या प्रश्नावर मला विचारले होते. मी फळ्यावर दोन्ही वर्तुळे काढली. तिने स्वतः कोन मोजले आणि म्हणाली, "म्हणजे प्रश्नच अर्धा आहे." आमच्या बहुतेक मुलांच्या घरी गणित विचारावे असे कोणी नव्हते. शिक्षकाने दिलेली संख्या ती थेट वहीत उतरवीत आणि परीक्षेपर्यंत खरी मानीत. सवयीने ५०° सांगितले असते, तर 'C वर्तुळावर कोठेही असला तरी कोन ५०° च' हा चुकीचा नियम तिच्या मनात बसला असता. पुढे लघुकंसावरचा बिंदू समोर आला असता, तेव्हा तिने तोच नियम लावला असता.